पंपाने ढकललेले आणि शरीराला मिळालेले इन्सुलिन

इन्सुलिन पंप हे कमरेच्या पट्ट्याला अडकवता येईल किंवा खिशात ठेवता येईल असे छोटे यंत्र आहे. त्याच्या पोटात इन्सुलिनने भरलेली एक बारीक नळकांडी बसते. तिला रिझर्व्हॉयर म्हणतात आणि पंपाच्या प्रकारानुसार तिच्यात दीडशे ते तीनशे युनिट इन्सुलिन मावते. पंपातील मोटर अतिशय हळू फिरते. तिच्याबरोबर एक स्क्रू पुढे सरकतो आणि रिझर्व्हॉयरच्या दट्ट्याला ढकलतो. दट्ट्यापुढचे इन्सुलिन प्लॅस्टिकच्या लांब बारीक नळीतून पोटावर, मांडीवर किंवा नितंबावर चिकटवलेल्या एका गोल पट्टीपर्यंत जाते. पट्टीखाली सहा किंवा नऊ मिलिमीटर लांबीची मऊ टेफ्लॉनची कॅन्युला त्वचेखालच्या चरबीत शिरलेली असते. नळी, पट्टी आणि कॅन्युला मिळून होतो तो इन्फ्युजन सेट. पंप काही वर्षे टिकतो, पण सेट दर दोन-तीन दिवसांनी काढून नव्या जागी नवा बसवावा लागतो.

मोटर, स्क्रू आणि दट्ट्या हा भाग फार अचूक असतो. दट्ट्या किती सरकला हे पंपाला नेमके ठाऊक असते, म्हणून पडद्यावर 'एवढे युनिट दिले' असा आकडा दिसतो. पण दट्ट्याने ढकललेले इन्सुलिन त्वचेखाली पोचले की नाही हे पाहण्याचे कोणतेही साधन पंपाकडे नसते. पंपावरच्या माणसाला येणाऱ्या बहुतेक गंभीर अडचणी याच एका उणिवेतून निघतात, आणि त्या समजायच्या तर आधी पंप रोजचे काम कसे करतो ते पाहावे लागते.

पंप मुख्यतः टाइप १ मधुमेहात वापरला जातो. या आजारात स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी जवळजवळ पूर्ण नष्ट झालेल्या असतात. निरोगी स्वादुपिंड दोन तऱ्हांनी इन्सुलिन सोडते. एक बारीक धार दिवसरात्र चालू असते, कारण माणूस उपाशी असला तरी यकृत रक्तात थोडीथोडी साखर सोडतच असते. दुसरा लोट जेवणासोबत येतो. पेनने इन्सुलिन घेणारा माणूस ही दोन कामे दोन वेगवेगळ्या इन्सुलिनकडून करून घेतो. दिवसातून एकदा किंवा दोनदा तो ग्लार्जिन किंवा डेग्लुडेकसारखे दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन टोचतो आणि प्रत्येक जेवणाआधी जलद काम करणारे. पंपात मात्र लिस्प्रो, अस्पार्ट किंवा ग्लुलायसिन असे एकच जलद इन्सुलिन भरलेले असते. तेच थेंबाच्या अंशाअंशाने सतत दिले की बेसल होते आणि जेवणाच्या वेळी एकदम दिले की बोलस.

बेसलची धार म्हटले तरी ती खरोखर अखंड नसते. बेसल ताशी 0.7 युनिट लावलेला असेल आणि पंपाची एक टिचकी 0.05 युनिटची असेल, तर तासाला चौदा टिचक्या लागतात. म्हणजे साधारण सव्वाचार मिनिटांनी मोटर क्षणभर फिरून थांबते. पंपातील इन्सुलिन एका मिलिलिटरला 100 युनिट या ताकदीचे असते, त्यामुळे अशी एक टिचकी पाण्याच्या थेंबाच्या जवळपास शंभराव्या भागाएवढी भरते. त्वचेखाली गेल्यावर या टिचक्या एकमेकींत मिसळतात आणि रक्तात पोचेपर्यंत त्यांची खरोखर धार झालेली असते.

बेसलचा वेग दिवसभर सारखा ठेवावा लागत नाही, आणि पंपाचा मोठा फायदा तोच. पहाटे वाढीचे हार्मोन आणि कॉर्टिसॉल यांचे प्रमाण वाढते, यकृत जास्त साखर सोडू लागते आणि काहीही न खाता सकाळची साखर चढलेली दिसते. दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनला पहाटेपुरते वाढ असे सांगता येत नाही. पंपाला सांगता येते. पुढे जे उदाहरण शेवटपर्यंत वापरले आहे त्यात रोज एकूण 40 युनिट इन्सुलिन लागणारी एक प्रौढ व्यक्ती गृहीत धरली आहे. तिचा बेसल मध्यरात्री बारा ते तीन ताशी 0.6 युनिट, पहाटे तीन ते आठ ताशी 1 युनिट आणि उरलेला दिवस ताशी 0.7 युनिट आहे. चोवीस तासांची बेरीज 18 युनिट होते. एकूण इन्सुलिनपैकी निम्म्याच्या आसपास किंवा थोडा कमी भाग बेसलमधून जावा असे साधारणपणे धरतात, त्यात हे बसते. पहाटेची वाढ साखर चढण्याच्या वेळेला न लावता तीन वाजताच लावली आहे, कारण बेसल बदलल्यावर त्याचा परिणाम रक्तात दिसायला एक-दोन तास जातात. धावायला जाण्याआधी तो तात्पुरता निम्मा करायचा असेल किंवा तापात वाढवायचा असेल, तरी हाच उशीर हिशेबात धरावा लागतो.

बेसल बरोबर बसला आहे का, याची परीक्षा साधी आहे. एक जेवण टाळायचे, आधीच्या बोलसचा परिणाम संपलेला असेल अशी वेळ निवडायची आणि काही तास साखर मोजत राहायचे. ती फारशी न हलता राहिली तर त्या तासांचा बेसल योग्य. बेसल चुकीचा असताना बोलसचे आकडे दुरुस्त करत बसणे ही नव्या पंपधारकांत नेहमी दिसणारी आणि डोके फिरवणारी कसरत आहे.

बोलस माणसाने स्वतः द्यायचा असतो. पंप फक्त गणित करतो, आणि त्यासाठी त्याला तीन आकडे आधी भरून दिलेले लागतात: एक युनिट किती ग्रॅम कर्बोदकांना पुरते, एक युनिट साखर कितीने उतरवते आणि साखर कुठवर आणायची आहे. सुरुवातीला हे आकडे ढोबळ सूत्रांनी काढतात. 500 ला दिवसाच्या एकूण युनिटांनी भागले की पहिला आकडा मिळतो, 1800 ला भागले की दुसरा. 40 युनिट घेणाऱ्या व्यक्तीसाठी ते साडेबारा ग्रॅम आणि 45 मिलिग्रॅम येतात. पुढे प्रत्यक्ष अनुभवावरून डॉक्टर त्यात फेरफार करतात. इथे 12 ग्रॅम, 45 आणि लक्ष्य 110 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असे धरू.

दुपारच्या ताटात दोन मध्यम पोळ्या, एक वाटी भात आणि एक वाटी वरण आहे. पोळ्यांची कर्बोदके 30 ग्रॅम, भाताची 30 आणि वरणाची 15 धरली तर 75 ग्रॅम होतात. भात आज निम्माच घेतला असेल तर 60. बारा ग्रॅमला एक युनिट या दराने 60 ग्रॅमला 5 युनिट लागतील. जेवणाआधी साखर 200 आहे, म्हणजे लक्ष्यापेक्षा 90 जास्त. ती उतरवायला 2 युनिटांचे करेक्शन हवे. पण अकरा वाजता खाल्लेल्या बिस्किटांसाठी दिलेल्या बोलसपैकी 0.8 युनिट अजून काम करत आहे, ते पंप करेक्शनमधून वजा करतो आणि 6.2 युनिट सुचवतो. बटण दाबले की पुढची काही मिनिटे मोटर भराभर फिरते. जलद इन्सुलिन म्हटले तरी त्याला काम सुरू करायला वेळ लागतो, म्हणून बोलस शक्यतो घास घेण्याच्या दहा-पंधरा मिनिटे आधी द्यायचा असतो.

वजा केलेल्या त्या 0.8 युनिटला ॲक्टिव्ह इन्सुलिन म्हणतात. प्रत्येक बोलस सुमारे चार तास काम करतो असे गृहीत धरून पंप त्याची उतरती शिल्लक मांडत राहतो. हे नसते तर माणूस चढलेल्या साखरेवर तासातासाला करेक्शन देत राहिला असता आणि संध्याकाळी घाम फुटून कोसळला असता. पण ही शिल्लकही पंप दट्ट्यावरूनच मोजतो. वाया गेलेला बोलसही त्याच्या वहीत ॲक्टिव्ह म्हणून जमा होतो. बिघाडाच्या वेळी हे फार महत्त्वाचे ठरते.

बिर्याणी किंवा तुपाने माखलेल्या पुरणपोळीसारख्या जड जेवणात तेल-तुपामुळे अन्न पोटातून सावकाश पुढे सरकते आणि साखर तीन-चार तासांनी चढते. अशा वेळी बोलसचा काही भाग लगेच आणि उरलेला दोन-तीन तासांत पसरून देण्याची सोय पंपात असते. पेनने हे जमत नाही.

आता उलटी बाजू. पेनवरच्या माणसाच्या त्वचेखाली दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनचा साठा असतो. त्याने एखादा जेवणाचा डोस चुकवला तर साखर चढते, पण साठा पाझरत राहतो. पंपावरच्या माणसाच्या त्वचेखाली साठा जवळजवळ नसतोच. असते ते शेवटच्या एक-दोन तासांत टिचकी टिचकीने आलेले जलद इन्सुलिन. ते संपले की शरीर पूर्णपणे इन्सुलिनविना राहते. प्रवाह तुटल्यावर साधारण तास-दोन तासांत साखर चढू लागते. यकृत साखर सोडतच असते आणि पेशींना ती घेता येत नाही. इन्सुलिनचा लगाम सुटल्यामुळे शरीरातील चरबी फुटून तिच्यापासून कीटोन तयार होतात, आणि दोन ते चार तासांत ते रक्तात मोजता येतील इतके वाढतात. कीटोन आम्लधर्मी असतात. ते साचत गेले की मळमळ, पोटदुखी, उलट्या आणि खोल, जलद श्वास सुरू होतो. या अवस्थेला डायबेटिक कीटोॲसिडोसिस म्हणतात आणि तिच्यावर उपचार रुग्णालयातच करावे लागतात. रात्री दहाला बंद पडलेला सेट सकाळपर्यंत लक्षात आला नाही तर तिथवर मजल जाऊ शकते.

सेट का बंद पडतो, याची कारणे बहुतेक शेवटच्या सहा मिलिमीटरांत सापडतात. टेफ्लॉनची कॅन्युला मऊ असते. तिच्या आतल्या सुईच्या आधाराने ती त्वचेत शिरते आणि मग सुई काढून घेतात. शिरताना त्वचा सैल असली किंवा खाली स्नायू लागला तर कॅन्युला दुमडते. सडपातळ माणसांत हे जास्त होते, म्हणून त्यांना तिरका शिरणारा सेट किंवा न दुमडणाऱ्या पोलादी सुईचा सेट देतात. पोलादी सुई दर दोन दिवसांनी बदलावी लागते. कधी घामाने पट्टी सुटते आणि नळी दाराच्या कडीत अडकून कॅन्युला अर्धी बाहेर येते. वर्षानुवर्षे त्याच जागी टोचल्याने त्वचेखाली चरबीच्या गुठळ्या झालेल्या असतात. तिथे सुई दुखत नाही म्हणून ती जागा आवडीची होते, पण तिथले इन्सुलिन कधी नीट शोषले जाते, कधी जात नाही. सेट तिसऱ्या दिवसाच्या पुढे ओढला की त्या जागेला सूज येऊन शोषण मंदावते. नळीत शिरलेल्या हवेचे लांब बुडबुडेही इन्सुलिनची जागा घेतात. इंचभर हवा म्हणजे सुमारे अर्धा युनिट बुडाला असे समजायचे. त्या मानाने बारीक फेसासारखे बुडबुडे निरुपद्रवी असतात. शेवटचे कारण उष्णता. नळी आणि रिझर्व्हॉयर अंगालगत असतात, आणि मे महिन्याच्या उन्हात उभ्या गाडीत राहिलेला पंप पुन्हा लावला तर सेट ठीक असूनही आतले इन्सुलिन निकामी झालेले असू शकते.

यांपैकी अडथळा तेवढा पंपाला कळू शकतो, आणि तोही उशिरा. नळी बंद झाली तरी मोटर ढकलत राहते, आतला दाब वाढतो आणि ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की अलार्म वाजतो. तिथवर पोचायला पंपागणिक कमीजास्त, कधी दोन-तीन युनिटही तुंबावे लागतात. ताशी 0.7 युनिट बेसल असेल तर यात तीन-चार तास जातात. ताशी 0.1 युनिट घेणाऱ्या तान्ह्या मुलाच्या बाबतीत दहा-बारा तासांहूनही जास्त लागू शकतात. बोलस देताना मात्र अडथळा लगेच उघड होतो, कारण तेव्हा इन्सुलिन भराभर ढकलले जाते. अलार्म वाजल्यावर पहिली गोष्ट नळी अंगापासून सोडवण्याची. तुंबलेले इन्सुलिन अडथळा सुटताच एकदम शरीरात जाऊ नये म्हणून. त्याच कारणाने नवी नळी इन्सुलिनने भरताना ती कधीही अंगाला जोडलेली नसावी.

गळतीचा मात्र अलार्म नसतो. कॅन्युला दुमडून इन्सुलिन तिच्याच कडेने वर येऊन पट्टीखाली पसरत असेल, तर दाब वाढतच नाही. पंपाच्या दृष्टीने सारे सुरळीत चाललेले असते. अशा वेळी माणसाचे नाक आणि बोटे कामी येतात. इन्सुलिनमध्ये टिकण्यासाठी फिनॉलसारखी द्रव्ये घातलेली असतात, त्यामुळे गळती झाली की पट्टीजवळ दवाखान्यात येतो तसा उग्र वास येतो. पट्टीची कड ओली लागते. नळीत रक्त दिसणे, बोलसच्या वेळी आग होणे, जागा लाल आणि कडक होणे हीही लक्षणे आहेत. पण यांपैकी काहीही नसताना सेट बंद असू शकतो, म्हणून खरा पुरावा साखरेचाच धरतात. कारण सापडत नसलेली 250 च्या वरची साखर आणि एका करेक्शननंतर तासाभराने न उतरणे, एवढे सेट दोषी धरायला पुरेसे आहे. तो निर्दोष निघाला तरी एक सेट वाया जाण्यापलीकडे नुकसान नाही. सेट महाग असतो हे खरे, आणि भारतात तो बहुतेकांना पदरच्या पैशांनी घ्यावा लागतो. त्यामुळे 'अजून थोडे थांबून पाहू' असा मोह होतो. तो रुग्णालयाच्या बिलापेक्षा महाग पडतो.

आधीच्याच उदाहरणातील व्यक्तीने रविवारी रात्री आठला जेवणाचा बोलस जुन्या सेटमधून दिला आणि साडेनऊला नवा सेट बसवला असे समजू. कॅन्युला शिरताना दुमडली. अकराला साखर 140 होती, कारण जेवणाचा बोलस अजून काम करत होता. झोपताना सारे ठीकच दिसले. रात्रभर पंप टिचक्या देत राहिला, इन्सुलिन पट्टीखाली ओघळत राहिले. सकाळी साडेसहापर्यंत साडेनऊ ते बारा 1.75, बारा ते तीन 1.8 आणि तीन ते साडेसहा 3.5 असे एकूण सुमारे 7 युनिट शरीराला मिळालेच नाहीत. उठल्यावर तोंड कोरडे, साखर 312. पंपाने 4.5 युनिट करेक्शन सुचवले, दिले. साडेसातला साखर 338.

इथे पंपाला दुसरे करेक्शन विचारले तर तो नकार देईल किंवा अगदी थोडे सुचवेल, कारण त्याच्या वहीत साडेचार युनिटांचा बहुतेक भाग अजून ॲक्टिव्ह आहे. त्याचे ऐकून थांबणे ही या प्रसंगातली सर्वांत धोक्याची वाट. योग्य पाऊल म्हणजे बोटातल्या रक्ताचे कीटोन मोजणे. रक्तातले कीटोन 0.6 मिलिमोल प्रति लिटरच्या खाली असले तर सामान्य, 1.5 च्या वर गेले तर धोका वाढलेला, आणि 3 किंवा त्याहून जास्त असले तर लगेच रुग्णालय. लघवीची पट्टी स्वस्त असते, पण ती काही तास मागचे चित्र दाखवते आणि रक्तातले कीटोन उतरल्यावरही रंगत राहते. या व्यक्तीचे कीटोन 1.8 निघाले.

आता क्रम महत्त्वाचा आहे. आधी पेनने किंवा सिरिंजने इंजेक्शन, मग सेट. नवा सेटही दुमडू शकतो, आणि कीटोन वाढलेले असताना दुसऱ्यांदा नशिबावर हवाला ठेवता येत नाही. किती युनिट घ्यायचे हे डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेले असावे. कीटोन वाढलेले असताना दिवसाच्या एकूण इन्सुलिनच्या 10 ते 20 टक्के जलद इन्सुलिन अशी आखणी बरेचदा असते. या व्यक्तीच्या कागदावर 1.5 ते 3 कीटोनसाठी 15 टक्के लिहिले आहे, म्हणजे 6 युनिट. ते पावणेआठला पेनने घेतले. मग जुनी नळी, जुनी कॅन्युला आणि रिझर्व्हॉयर सगळे टाकून नव्या कुपीतून इन्सुलिन भरले, नळी अंगाबाहेर धरून टोकाशी थेंब दिसेपर्यंत भरली, आणि पोटाच्या दुसऱ्या बाजूला सेट बसवला. सुई काढल्यावर सहा मिलिमीटरची रिकामी कॅन्युला भरायला बऱ्याच सेटमध्ये 0.3 युनिट लागतात. तेही दिले नाही तर पहिली वीस-पंचवीस मिनिटे काहीच आत जात नाही. जुनी कॅन्युला बाहेर काढून पाहिली तर ती मधोमध मोडलेली दिसली. रात्रीच्या प्रकाराचे उत्तर तिथेच मिळाले. यानंतर दर तासाला साखर आणि कीटोन, आणि भरपूर पाणी.

पावणेदहाला साखर 241, कीटोन 0.9. लक्ष्यापर्यंत यायला अजून सुमारे 3 युनिट हवेत असे गणित सांगते. पण पेनच्या 6 युनिटांपैकी निम्मे अजून काम करायचे आहेत. हा हिशेब पंपात नाही, तो कागदावर किंवा मनात ठेवावा लागतो. म्हणून आणखी इन्सुलिन न घेता तासभर थांबणे बरोबर. शिवाय साडेसहाच्या बोलसपैकी थोडे शरीरात शिरलेही असू शकते, कारण गळती क्वचितच शंभर टक्के असते. घाईने डोसावर डोस दिला तर दुपारी साखर 60 वर येऊ शकते. इन्सुलिन देऊनही दोन तासांत कीटोन उतरले नाहीत, उलट्यांमुळे पाणी पोटात टिकेना, श्वास जोरात चालू लागला किंवा माणूस गुंगीत गेला तर घरी आकडेमोड करत बसायचे नाही, रुग्णालय गाठायचे. लहान मुले आणि गरोदर स्त्रियांच्या बाबतीत ही मर्यादा आणखी अलीकडे ओढावी लागते.

भारतातल्या घरांत सिरिंजची एक जागा विशेष जपण्याची आहे. आपल्याकडे मानवी इन्सुलिनच्या बऱ्याच कुप्या एका मिलिलिटरला 40 युनिट ताकदीच्या मिळतात आणि त्यांच्यासाठी लाल टोपणाच्या सिरिंजा असतात. पंपाचे इन्सुलिन 100 युनिटांचे असते, त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. गडबडीत पंपाच्या कुपीतले इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 6 या खुणेपर्यंत ओढले तर प्रत्यक्षात 15 युनिट जातात. उलट, 40 युनिटांचे इन्सुलिन पंपात भरले तर प्रत्येक डोस निम्म्याहूनही कमी पडतो. म्हणून आणीबाणीसाठी जलद इन्सुलिनचे पेन ठेवणे सोयीचे. पेन, सुया, कीटोनच्या पट्ट्या, एक जादा सेट आणि रिझर्व्हॉयर एवढी पिशवी घरात, आणि प्रवासात हाताशी. पेन घेतले आणि त्याची सुई विसरली, हे नेहमीच घडते.

सेन्सरच्या मदतीने बेसल आपोआप कमीजास्त करणारे नवे पंप या बाबतीत आणखी जपून वापरावे लागतात. साखर चढताना पाहून असा पंप बंद सेटमधून जास्त जास्त इन्सुलिन ढकलतो, ते सारे ॲक्टिव्ह म्हणून मांडतो, आणि सेट बदलल्यावर त्या खोट्या शिल्लकीमुळे हात आखडता घेतो. पेनने घेतलेल्या डोसची तर त्याला गंधवार्ताही नसते. त्यामुळे सेटच्या बिघाडानंतर काही तास स्वयंचलित पद्धत बंद ठेवून पंप साध्या ठरावीक बेसलवर चालवण्याचा सल्ला अनेक डॉक्टर देतात.

सेट सकाळी किंवा दुपारी, शक्य तर जेवणाच्या बोलसआधी बदलावा, या सल्ल्यामागचे कारण वरच्या उदाहरणात दिसतेच. बोलसबरोबर अडथळा लगेच उघड होतो, आणि दोन तासांनी साखर तपासायला माणूस जागा असतो. रात्री बदलणे टाळता आले नाही तर दोन तासांनंतरचा गजर लावावा.

कधी बिघाड सेटचा नसून पंपाचाच असतो, आणि दुसरा पंप मिळायला दोन दिवस लागतात. अशा वेळी दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनकडे परत जावे लागते. उदाहरणातील व्यक्तीला तिच्या बेसलएवढे, म्हणजे 18 युनिटांच्या आसपास, दिवसातून एकदा आणि प्रत्येक जेवणाला पेनने जलद इन्सुलिन. नेमका आकडा डॉक्टरांकडून घ्यावा, आणि तिच्या पंपातील सगळे आकडे कागदावर उतरवून ठेवलेले असावेत, कारण बंद पडलेल्या पंपाच्या पडद्यावर ते वाचता येत नाहीत. दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन पूर्ण काम करायला काही तास घेते, तोवर दर तीन-चार तासांनी जलद इन्सुलिनने आधार द्यावा लागतो. नवा पंप आल्यावर तो लगेच पूर्ण बेसलवर सुरू करायचा नसतो. आदल्या इंजेक्शनचा परिणाम उतरेपर्यंत, ग्लार्जिन असेल तर शेवटच्या डोसनंतर साधारण 24 तास, बेसल बंद किंवा बराच कमी ठेवून पंपातून फक्त बोलस देतात.